हानिरक्षण बंधपत्र आणि ना हरकत प्रतिज्ञापत्र (मृत ठेवीदाराच्या ठेवींसंदर्भात)

ठेवीदार मरण पावल्यावर त्याच्या खात्यात नामनिर्देशन नसेल, आणि हयात खातेदाराला रक्कम मिळावी अशी सोय असलेले संयुक्त खातेही नसेल, तर बँक वारसांकडून दोन प्रकारचे लेख लिहून घेते आणि मगच ठेव त्यांच्या हाती देते. रक्कम घेणारा वारस हानिरक्षण बंधपत्र लिहून देतो. बँकेच्या काउंटरवर त्याला सहसा ‘इंडेम्निटी बाँड’ म्हणतात. उरलेले वारस, ही रक्कम अमुक व्यक्तीला दिल्यास आमची हरकत नाही, असे पत्र किंवा प्रतिज्ञापत्र देतात. दोन्ही लेख बँकेच्या संरक्षणासाठी असतात. ठेवीच्या रकमेवर कोणाचा किती हक्क आहे हे त्यांनी ठरत नाही, ते वारसा कायद्यानेच ठरते. हा फरक ध्यानात न घेता सह्या केल्या जातात, आणि पुढचे बरेचसे कौटुंबिक वाद तिथून निघतात.

बँक आणि ठेवीदार यांचे नाते कायद्याच्या दृष्टीने ऋणको आणि धनको यांचे असते. ठेवीदाराच्या पश्चात बँकेला हे देणे त्याच्या वारसांना फेडायचे असते, पण वारस कोण हे तिला स्वतःहून कळत नाही. चुकीच्या माणसाला पैसे दिले तर खरा वारस पुढे बँकेकडेच मागणी करू शकतो. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 अन्वये दिवाणी न्यायालय उत्तराधिकार प्रमाणपत्र देते आणि ते पाहून सद्‌भावनेने रक्कम देणाऱ्या बँकेला कायद्याचेच संरक्षण मिळते. मात्र त्यासाठी अर्ज, जाहीर नोटीस, न्यायालय शुल्क आणि वकिलाची फी करावी लागते, आणि दोन लाखांच्या ठेवीसाठी हा खर्च व काही महिन्यांची वाट पाहणे कुटुंबाला परवडत नाही. म्हणून लहान रकमांसाठी न्यायालयाच्या संरक्षणाची जागा वारसांच्या हमीने घेतली. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 124 मध्ये हानिरक्षणाच्या कराराची व्याख्या आहे. वचन देणारा, त्याच्या स्वतःच्या किंवा अन्य कोणाच्या वर्तनामुळे समोरच्याचे नुकसान झाल्यास ते भरून देण्याचे कबूल करतो.

रिझर्व्ह बँकेने 9 जून 2005 च्या परिपत्रकाने बँकांना ही पद्धत सोपी करण्यास सांगितले, पण कोणत्या रकमेपर्यंत केवळ हानिरक्षणपत्रावर दावा निकाली काढायचा ही मर्यादा प्रत्येक बँकेने आपापली ठरवायची होती. त्यामुळे एका बँकेत जे सहज होई ते दुसऱ्या बँकेत अडे. 26 सप्टेंबर 2025 च्या निर्देशांनी ही मर्यादा सर्वांसाठी निश्चित केली. सहकारी बँकांसाठी 5 लाख रुपये आणि इतर बँकांसाठी 15 लाख रुपये, आणि हवी तर बँकेला त्याहून जास्त मर्यादा ठेवता येते. बँकांनी हे निर्देश 31 मार्च 2026 पर्यंत अमलात आणायचे होते. मर्यादेच्या आत बँकेने दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, दावेदारांची ओळखपत्रे, त्यांचे हानिरक्षण बंधपत्र, दावा न करणाऱ्या वारसांचे ना हरकत पत्र आणि वारस कोण याचा पुरावा एवढेच मागायचे आहे. बाहेरच्या त्रयस्थाचा जामीन या मर्यादेत मागायचा नाही. शेजाऱ्याची किंवा नोकरदार नातेवाइकाची जामीनदार म्हणून सही आणा असे सांगितले गेल्यास निर्देशातील ही तरतूद दाखवावी.

वारस कोण याचा पुरावा दोन प्रकारे देता येतो. एक म्हणजे वारस प्रमाणपत्र. दुसरा म्हणजे कुटुंबाला चांगले ओळखणाऱ्या, पण कुटुंबाशी नाते नसलेल्या आणि बँकेला मान्य असलेल्या व्यक्तीचे निवेदन. महाराष्ट्रात न्यायालयाकडून वारस प्रमाणपत्र मिळते ते 1827 च्या मुंबई विनियमाखाली, आणि तलाठ्याकडे होणारी वारस नोंद ही जमिनीच्या अभिलेखापुरती असते. म्हणून लहान ठेवीच्या दाव्यात दुसरा मार्गच व्यवहारात सोयीचा पडतो. गावातील निवृत्त शिक्षक किंवा कुटुंबाचे डॉक्टर असे निवेदन देऊ शकतात.

ही सारी सोय वाद नसलेल्या दाव्यांसाठी आहे. एखाद्या वारसाने लेखी हरकत घेतली, मृत्युपत्र वादात असले किंवा न्यायालयाचा मनाई हुकूम आला, तर बँक हानिरक्षणपत्रावर रक्कम देणार नाही. तिथे न्यायालयाचाच रस्ता उरतो.

प्रत्यक्षात काय घडते ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. एका निवृत्त एस. टी. कर्मचाऱ्याचे निधन झाले. त्याची मुदत ठेव आणि बचत खात्यातील शिल्लक मिळून 2,05,000 रुपये होते, नामनिर्देशन नव्हते. घरच्यांनी अर्जात पत्नी, एक मुलगा आणि विवाहित मुलगी अशी तीन नावे लिहिली. पत्नीने रक्कम घ्यावी आणि दोन्ही मुलांनी ना हरकत द्यावी, असे ठरले. पण त्याची वृद्ध आई हयात होती, आणि मोठा मुलगा आधीच वारला होता, त्याच्या मागे पत्नी आणि अज्ञान मुलगी होती. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे आई ही पहिल्या वर्गातील वारस असते. तसेच आधी मरण पावलेल्या मुलाची विधवा व अपत्ये मिळून एका शाखेचा हिस्सा घेतात. (वडील मात्र या वर्गात येत नाहीत, आणि नेमकी त्याउलट समजूत अनेकांची असते.) म्हणजे पत्नी, आई, हयात मुलगा, मुलगी आणि मृत मुलाची शाखा असे पाच समान हिस्से होतात, प्रत्येकी 41,000 रुपयांचे. मृत मुलाच्या शाखेतील 41,000 त्याची पत्नी आणि मुलगी यांच्यात समान वाटले जातात, 20,500 प्रत्येकी.

अर्जात तीनच नावे गेली असती आणि रक्कम पत्नीला मिळाली असती, तर सुनेने पुढे तिच्या व तिच्या मुलीच्या हिश्शाची मागणी केली असती. बँकेने बंधपत्रावर बोट ठेवून ती रक्कम पत्नीकडून वसूल केली असती. बंधपत्रावर दोघा-तिघांनी सह्या केलेल्या असतील तर बहुतेक नमुन्यांत ‘संयुक्तपणे व पृथकपणे’ असे शब्द असतात. त्यांचा अर्थ असा की बँक पूर्ण रक्कम त्यांपैकी कोणत्याही एकाकडून मागू शकते. पैसे खर्च झालेला भाऊ हात वर करू शकतो आणि पगार असलेल्या बहिणीला भरावे लागते. हे तिला सही करताना कोणी सांगत नाही.

योग्य क्रम असा ठरला. पत्नी दावेदार, तिचे हानिरक्षण बंधपत्र. आई, मुलगा, मुलगी आणि सून यांची ना हरकत पत्रे. अज्ञान नातीच्या वतीने मात्र ना हरकत घेण्याऐवजी तिचे 20,500 रुपये तिच्या नावाच्या, तिची आई पालक असलेल्या खात्यात जमा करण्याचे अर्जातच लिहिले. पालकाने अज्ञानाचा हिस्सा मोबदला न घेता सोडून देणे हे अज्ञानाच्या हिताचे म्हणता येत नाही, आणि ती सज्ञान झाल्यावर त्यावर हरकत घेऊ शकते. म्हणून अज्ञान वारसाच्या बाबतीत सही घेण्यापेक्षा पैसे वेगळे ठेवणे केव्हाही चांगले.

ना हरकत पत्राचा मजकूर दोन अर्थांचा असू शकतो आणि तो सावकाश वाचला पाहिजे. ‘ही रक्कम माझ्या आईला देण्यास माझी हरकत नाही’ असे लिहिले तर वारसाने पैसे कोणाच्या हाती द्यायचे एवढेच मान्य केलेले असते. त्याचा हिस्सा आईकडे राहतो आणि आईकडून तो मागता येतो. ‘या रकमेवरील माझा हक्क मी कायमचा सोडत आहे’ असे लिहिले तर गोष्ट वेगळी होते. विवाहित बहिणींकडून दुसऱ्या प्रकारचे वाक्य नकळत लिहून घेतले जाते, कारण छापील नमुन्यात ते आधीच असते. पहिल्या वाक्यानेही बँकेचे काम भागते, त्यामुळे हिस्सा सोडायचा नसेल तर हक्क सोडण्याचे वाक्य खोडून घेण्याचा आग्रह धरण्यात गैर काही नाही.

मुद्रांकाच्या बाबतीत महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून शंभर आणि दोनशे रुपयांच्या जागी 500 रुपयांचे शुल्क लागू झाले, म्हणून पूर्वीच्या शंभराच्या कागदावर केलेला लेख आता शाखेत परत येतो. कोणत्या लेखाला मुद्रांक हवा आणि कोणता साध्या कागदावर चालतो हे शाखेकडून आधी लेखी विचारून घ्यावे, कारण ना हरकत ‘पत्र’ आणि शपथेवर केलेले, नोटरीसमोरचे ‘प्रतिज्ञापत्र’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात मुद्रांक कागद खरेदीपासून सहा महिन्यांत वापरावा लागतो, हे घरात जुना कागद पडून असलेल्यांनी लक्षात घ्यावे. परदेशात राहणारा वारस तेथील भारतीय दूतावासासमोर लेख करू शकतो, पण तो लेख भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. दुबईहून किंवा अमेरिकेहून लिफाफा आला आणि कपाटात राहिला, तर हीच मुदत निसटते.

सर्वांत जास्त दावे मोठ्या कायदेशीर अडचणीने अडकत नाहीत, नावाने अडकतात. पासबुकात ‘सुमन’, आधारकार्डावर ‘सुमनबाई’, मृत्यूच्या दाखल्यात पतीचे नाव आणि मुलीच्या कागदांत माहेरचे आडनाव, असे एका माणसाचे तीन अवतार होतात. अर्ज देण्यापूर्वीच सर्व कागद एका टेबलावर मांडून नावे ताडून पाहावीत आणि फरक असेल तर ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे’ असा मजकूर बंधपत्रातच घालावा. सही प्रत्येक पानावर करावी, आणि कोऱ्या जागा असलेला नमुना सही करून देऊ नये, रक्कम व खाते क्रमांक भरलेला असल्याची खात्री करावी.

सर्व कागद पूर्ण झाल्यापासून 15 दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा असतो. त्याहून उशीर बँकेच्या बाजूने झाला तर 2025 च्या निर्देशांनुसार उशिराच्या काळासाठी रिझर्व्ह बँक ठरवते त्या बँकदरापेक्षा 4 टक्के जास्त दराने वार्षिक व्याज द्यावे लागते. म्हणून कागद दिल्याची तारीख असलेली पोच घेणे आवश्यक आहे. कागद अपुरे असल्याचे तोंडी सांगितले गेले तर काय अपुरे आहे ते लिहून मागावे, अन्यथा मुदत कधी सुरू झाली हेच ठरत नाही.

हा नियम रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतील बँकांचा आहे. पतसंस्थांना तो लागू होत नाही, तिथे सहकार कायदा आणि संस्थेचे उपविधी पाहावे लागतात. टपाल कार्यालयाच्या अल्पबचत योजनांत नामनिर्देशन नसेल तर 5 लाख रुपयांपर्यंतचा दावा असेच हानिरक्षणपत्र, प्रतिज्ञापत्र आणि ना हरकत घेऊन निकाली निघतो, पण खातेदाराच्या मृत्यूला सहा महिने झालेले असावे लागतात.

नामनिर्देशन असेल तर बँकेला हानिरक्षण बंधपत्र किंवा ना हरकत मागण्याचा अधिकार नाही, मग रक्कम कितीही असो. मात्र नामनिर्देशित व्यक्ती ही रकमेची मालक होत नाही, ती वारसांच्या वतीने ती स्वीकारते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये बँक ठेवींबाबत स्पष्ट केले आहे. त्यामुळे बँकेतून पैसे सहज निघाले तरी वर सांगितलेले हिस्से तसेच राहतात, आणि सुनेला तिच्या 20,500 रुपयांची मागणी मग बँकेकडे नव्हे तर नामनिर्देशित व्यक्तीकडे करावी लागते.