की-ड्रायव्हर विश्लेषण

एकूण समाधानाला ग्राहकाने दिलेले गुण सेवेच्या कोणत्या बाबीबरोबर किती हलतात, हे अभिप्राय-फॉर्मवरून ठरवण्याची संख्याशास्त्रीय रीत. ‘प्रमुख घटक विश्लेषण’ हे भाषांतर टाळावे, कारण ते नाव वेगळ्याच पद्धतीचे आहे.

नेहमीचा मार्ग रिग्रेशनचा, म्हणजे सगळ्या बाबी एकत्र घेऊन प्रत्येकीचे वजन गुणांकाने मोजण्याचा. अडचण अशी की एकाच फॉर्मवरचे गुण एकमेकांना धरून चालतात. लातूरच्या एखाद्या दवाखान्याचे कल्पित आकडे घेऊ. ‘डॉक्टरांनी नीट समजावले’ या बाबीचा एकूण समाधानाशी सहसंबंध ०.६० आहे आणि ‘डॉक्टरांनी पुरेसा वेळ दिला’ हिचा ०.५४. दोन्ही बाबींचा आपसांत ०.८० आहे, कारण वेळ दिल्याशिवाय समजावणे होत नाही. मानकीकृत गुणांक मात्र ०.४७ आणि ०.१७ येतात. मुळातला फरक जेमतेम ०.०६ चा, तरी पहिली बाब जवळपास तिपटीने मोठी दिसते आणि ‘वेळ’ यादीतून गळतो. असे झाल्याची शंका आली तर फॉर्मचे चिठ्ठ्या टाकून दोन वाटे करावेत. एका वाट्यातला गुणांकांचा क्रम दुसऱ्यात उलटला, तर त्या क्रमावर खर्च ठरवू नये.

यावर उपाय श्रेय वाटून देण्याचा. दोन्ही बाबी मिळून समाधानातल्या चढउतारांपैकी ३७ टक्के उलगडतात. ‘समजावणे’ आधी घेतले तर त्याच्या वाट्याला ३६ येतात, नंतर घेतले तर सुमारे ८, सरासरी २२. ‘वेळ’ आधी घेतला तर २९, नंतर १, सरासरी १५. आता दोघांचे वजन मूळ आकड्यांना साजेसे दिसते.

श्रेय वाटण्याच्या या रीतीचे जनकत्व एकाकडे देता येत नाही. लिंडमन, मेरेंडा व गोल्ड यांनी ती १९८० मध्ये दिली, म्हणून तिला ‘एलएमजी’ म्हणतात. १९८७ मध्ये विल्यम क्रुस्कल यांनी क्रमांवरून सरासरी काढण्याची कल्पना मांडली. मात्र हे गणित लॉइड शॅप्ली यांच्या १९५३ च्या खेळ-सिद्धांतातील वाटणीशी जुळते, त्यामुळे ‘शॅप्ली’ हे नावही चालते आणि तेच अधिक समर्पक वाटते. दहा बाबींना १,०२४ उपसंच तपासावे लागतात. संगणकाला ते जड नाही. आर भाषेत, model हे lm() ने बसवलेले रिग्रेशन धरून:

```
library(relaimpo)
calc.relimp(model, type = "lmg")
```

श्रेय-वाटणीने एक दोष मात्र जात नाही. छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या नान-खलियाच्या हॉटेलात चवीला जवळजवळ प्रत्येकाने पाचपैकी पाच दिले, तर त्या रकान्यात चढउतारच उरत नाही आणि चवीचे वजन शून्याजवळ येते. म्हणून मसाल्यात काटकसर केली, तर पुढच्या फॉर्मांत तीन-चार गुण दिसू लागतील आणि तीच बाब यादीत वर चढेल. वजनाशेजारी प्रत्येक बाबीची सरासरी आणि प्रमाण विचलनही छापावे.