पाय चार्टच्या चित्रात एका कापाचा टक्का बदलायचा असेल तर

अहवाल छपाईला द्यायच्या आदल्या दिवशी सर्वाधिक येणारी दुरुस्ती अशी असते : "पाय चार्टमध्ये लिफ्टचे १५ टक्के लिहिलेत, ते १८ करा." मूळ एक्सेल फाइल सापडत नाही, हाती असते फक्त जेपीजी किंवा पीएनजी चित्र. आकडा खोडून नवा लिहिणं दोन मिनिटांचं काम आहे, पण मग लेबल १८ सांगतं आणि काप १५ चाच राहतो. शिवाय सगळ्या लेबलांची बेरीज १०३ होते.

म्हणून आमचा पहिला प्रश्न नेहमी हाच : वाढलेले ३ टक्के कुठून आले?

समजा, सोसायटीच्या खर्चाचा चार्ट असा आहे : सुरक्षा ३५, पाणी २५, लिफ्ट १५, दुरुस्ती १५, इतर १०. लिफ्टचे ३ टक्के दुरुस्तीतून आले असतील, तर दुरुस्ती १२ होते आणि बाकी तिघांना हात लावावा लागत नाही. हे दोन काप शेजारी आहेत, त्यामुळे त्यांच्यामधली एकच रेघ सरकवायची. तेच ३ टक्के सुरक्षेतून आले असतील, तर मधला पाण्याचा अख्खा काप फिरवावा लागतो.

१ टक्का म्हणजे ३.६ अंश. बाराच्या काट्यापासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर सुरक्षा १२६ अंशांवर संपते, पाणी २१६ वर, लिफ्ट २७० वर. लिफ्टला ३ टक्के वाढवून दिले की तिची शेवटची रेघ १०.८ अंशांनी पुढे, म्हणजे २८०.८ वर जाते. अंश हाताने मोजत बसण्यापेक्षा बिंदू काढणं सोपं. वर्तुळाचा मध्य (cx, cy), त्रिज्या r आणि कोन θ असेल तर :

```
x = cx + r * sin(θ)
y = cy - r * cos(θ)
```

मध्य (४००, ४००) आणि त्रिज्या ३०० पिक्सेल धरली, तर रेघेचं बाहेरचं टोक (१००, ४००) वरून (१०५, ३४४) वर येतं. कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना, ते बघा; एक्सेलमध्ये मात्र `SIN(RADIANS(280.8))` असंच लिहावं लागतं.

जुन्या आणि नव्या रेघेमधल्या पाचरीत लिफ्टचा रंग भरायचा. रंग कापाच्या आतून उचला, कडेवरून नको. कडेवर दोन्ही रंगांच्या मधल्या छटेचे पिक्सेल असतात आणि जेपीजीत तर आजूबाजूलाही डाग पडलेले असतात. पाचर जुन्या रेघेच्या एक-दोन अंश आधीपासून सुरू केली नाही, तर त्या जागी फिकट भुताटकी रेघ उरते. कापांमध्ये पांढऱ्या रेघा असतील, तर नवी रेघ त्याच जाडीची काढावी लागते.

लेबलही सरकतं. त्याची जागा कापाच्या मधल्या कोनावर : लिफ्टचा मध्य आधी २४३ अंशांवर होता, आता २४८.४ वर आहे. मध्यापासूनचं अंतर बाकीच्या लेबलांइतकंच ठेवा. दुरुस्तीचं लेबल विसरू नका. तिथला आकडाही बदललाय आणि मध्यही. बाकीचे आकडे मराठीत असतील तर नवा आकडाही मराठीत, त्याच जाडीच्या फॉन्टमध्ये.

खरी गुंतागुंत होते ती टक्के नव्हे, रुपये बदलले की. एकूण खर्च १० लाख होता आणि लिफ्टचे दीड लाख वाढून दोन लाख झाले, तर लिफ्ट २० टक्के होत नाही. बेरीज साडेदहा लाख झाली, म्हणून लिफ्ट १९.०५ टक्के होते आणि कोणी न बदललेली सुरक्षाही ३५ वरून ३३.३३ वर उतरते. अशा वेळी पाचही काप नव्याने काढावे लागतात. जुन्या चित्रावर डागडुजी करण्यात अर्थ नाही. कोन रुपयांवरून काढा, पूर्णांकित टक्क्यांवरून नको. इथे एका दशांशापर्यंतच्या टक्क्यांची बेरीज ९९.९ येते, त्यावर कोन काढले तर शेवटी ०.३६ अंशाची फट राहते. लेबलांखाली "पूर्णांकनामुळे बेरीज १०० होत नाही" एवढी टीप पुरते.

सुरुवात करण्याआधी वर्तुळाची रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये मोजा. वर्डमध्ये ओढताना चित्र एका बाजूने ताणलं गेलं असेल, तर ते अंडाकृती झालेलं असतं आणि वरचं सूत्र चुकीचा बिंदू देतं. आधी दोन्ही मापं सारखी करा. थ्रीडी चार्टला मात्र इलाज नाही. तो तिरका दाखवलेला असल्याने पुढचे काप मुळातच मोठे दिसतात. आम्ही तो सपाट वर्तुळात नव्याने काढून देतो.

तपासणीसाठी छापील प्रतीवर कंपासपेटीतला कोनमापक चालतो : लिफ्टचा काप ६४.८ अंश, म्हणजे ६५ च्या किंचित आत भरला पाहिजे. ३ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळात १ टक्का म्हणजे कडेवर जवळपास २ मिमी, त्यामुळे चूक डोळ्यालाही कळते.

काम आमच्याकडे देताना सगळ्या कापांचे नवे आकडे पाठवा, फक्त बदललेला नको. चित्र व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून जोडा. फोटो म्हणून पाठवलं की ते दाबून लहान होतं आणि कडा आणखी पुसट होतात.