सर्व्हर निवांत, तरी ऑर्डर अडकलेल्या

समजा, सेलच्या आठवडाभर आधी ऑर्डर घेणाऱ्या एपीआयवर आपण लोड टेस्ट लावली. सेकंदाला 50 रिक्वेस्टपासून सुरुवात केली आणि दर पाच मिनिटांनी 50 वाढवत गेलो. 200 पर्यंत सगळं सुरळीत होतं. 250 केल्यावर मात्र पूर्ण होणाऱ्या ऑर्डर 200 वरच अडल्या. दर सेकंदाला 50 जण मागे राहू लागले, अर्ध्या मिनिटात 1500 जणांची रांग लागली आणि शेवटच्याला साडेसात सेकंद ताटकळावं लागलं.

हा बिंदू दिसायला टेस्टही तशीच हवी. ठरावीक संख्येचे खोटे ग्राहक उत्तर मिळाल्यावरच पुढची रिक्वेस्ट पाठवत असतील, तर सर्व्हर मंदावला की तेही मंदावतात आणि रांग फुगतच नाही. खरे ग्राहक आधीच्याचं काम होईपर्यंत थांबत नाहीत, ते येतच राहतात. म्हणून k6 या लोड टेस्टच्या साधनामध्ये `ramping-arrival-rate` वापरावं. त्यात रिक्वेस्ट ठरलेल्या वेगाने येत राहतात.

आता अडलं कुठे? सर्व्हरचा सीपीयू 30 टक्क्यांवर, डेटाबेसही निवांत. मोठं मशीन घेऊन काहीच फरक पडला नसता. एका ऑर्डरचा वेळ कुठे जातो ते तपासलं, तर बहुतेक वेळ डेटाबेसचं कनेक्शन मोकळं होण्याची वाट पाहण्यात जात होता. सर्व्हर डेटाबेसची काही कनेक्शन आधीच उघडून ठेवतो, त्या संचाला पूल म्हणतात. पूलमध्ये कनेक्शन 20, आणि प्रत्येक ऑर्डर एक कनेक्शन 100 मिलिसेकंद धरून ठेवते. म्हणजे एक कनेक्शन सेकंदाला 10 ऑर्डर उरकतं, वीस मिळून 200. आकडा नेमका जुळला.

त्या 100 पैकी डेटाबेसचं काम फक्त 20 मिलिसेकंदांचं. उरलेले 80 कूपन तपासणाऱ्या दुसऱ्या सेवेच्या उत्तराची वाट पाहण्यात जात होते, तेही कनेक्शन हातात धरून. कूपन आधी तपासून मग कनेक्शन घेतलं, की त्याच वीस कनेक्शनांची मर्यादा 1000 वर जाते. पूल मोठा करणं सोपं वाटतं, पण त्याने कनेक्शन रिकामी अडकून राहण्याचं कारण तसंच राहतं, आणि डेटाबेसलाही कनेक्शनांची मर्यादा असतेच.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती यानंतरच्या अडथळ्याची, कारण तो टेस्टमध्ये सहज लपतो. टेस्टमधल्या ऑर्डर हजारो वस्तूंवर विखुरलेल्या असतात. सेलमध्ये सगळे एकाच स्वस्त मोबाइलवर तुटून पडतात. त्याचा साठा डेटाबेसच्या एकाच ओळीत लिहिलेला असेल, तर तो कमी करताना प्रत्येक ऑर्डर त्या ओळीला लॉक लावते आणि बाकीच्या थांबतात. लॉक 10 मिलिसेकंद राहिला, तर त्या मोबाइलच्या सेकंदाला 100 च ऑर्डर होतील, पूल कितीही मोठा असो. म्हणून दुसरी टेस्ट बहुतांश ऑर्डर एकाच वस्तूवर टाकून घ्यावी, आणि त्या वेळी डेटाबेसमध्ये लॉकसाठी किती जण थांबलेत ते पाहत राहावं.