मूळ वेतन आणि एकूण वेतन: दुबईच्या करारातले दोन आकडे

अमळनेर-शिरपूरकडच्या गवंड्याचा आणि सेंट्रिंग कारागिराचा व्यवहार रोजावर चालतो, आणि एकदा ठरलेल्या रोजाचे पुढे तुकडे पडत नाहीत. म्हणून एजंटने ‘दुबईत महिना १,२०० दिरहम’ असे सांगितले, की तो आकडा म्हणजेच पगार असे त्याला वाटते. करारात मात्र मूळ वेतन, म्हणजे बेसिक, आणि भत्ते मिळवून होणारे एकूण वेतन असे दोन आकडे असतात, आणि पुढची बरीचशी देणी पहिल्या आकड्यावर मोजली जातात.

समजा, गावातल्या दोघांना १,२०० दिरहमच सांगितले आहेत. पहिल्याच्या करारात मूळ वेतन १,२०० असून राहण्याची सोय कंपनीची आहे. दुसऱ्याच्या करारात मूळ वेतन ७२० आणि घरभाडे व जेवणाचा भत्ता मिळून ४८० आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यानुसार सामान्यतः दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास काम असते, आणि दिवसाच्या ओव्हरटाइमला मूळ वेतनाच्या तासाच्या दरावर किमान २५ टक्के वाढ द्यावी लागते. मूळ वेतनाला ३० दिवसांनी आणि मग ८ तासांनी भागले, तर पहिल्याचा तास ५ दिरहमचा आणि ओव्हरटाइमचा तास सव्वासहा दिरहमचा होतो. दुसऱ्याचे हेच दर ३ आणि पावणेचार होतात. महिन्यात ५२ तास जादा काम केले, तर पहिल्याला ३२५ आणि दुसऱ्याला १९५ दिरहम मिळतात. शिवाय दुसऱ्याला भत्त्यातूनच खोलीतल्या खाटेचे भाडे भरायचे आहे, आणि हीच गोष्ट निघताना कोणी बोलत नाही.

नोकरी संपतानाही हाच फरक पुढे येतो. वर्ष पूर्ण झाल्यावर मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ वेतनाइतकी असते. दोन वर्षांनंतर पहिल्याला १,६८० आणि दुसऱ्याला १,००८ दिरहम मिळतील. ओव्हरटाइमची तूट धरली, तर दोन वर्षांत दुसरा सुमारे ३,८०० दिरहमने मागे राहतो.

माझ्या मते सही करण्याआधी ‘पगार किती’ असे विचारण्यापेक्षा ‘बेसिक किती, आणि खोली कंपनीची की भत्त्यातली’ असे विचारावे. नोकरीचा प्रस्ताव अरबी व इंग्रजीबरोबर हिंदीतही मिळू शकतो; तो मागून घ्यावा आणि त्याची प्रत घरी ठेवावी, कारण तिथे गेल्यावर सही करायच्या करारातले आकडे या प्रस्तावाशी जुळले पाहिजेत. परतीच्या कलमात तिकीट कोणाचे हे स्पष्ट लिहिलेले असावे: करार संपल्यावर मायदेशी पाठवण्याचा खर्च सामान्यतः मालकाचा असतो, पण कामगार दुसऱ्या मालकाकडे गेला किंवा त्याच्याच दोषामुळे नोकरी संपली, तर तो खर्च कामगाराच्या अंगावर पडतो.