संध्याकाळचं पीजी आणि ७५ टक्क्यांचं गणित: हजेरीची सवलत कुणाकडे, कशी मागायची

सेमिस्टर संपत आलं की आमच्या कॉलेज ऑफिसच्या खिडकीवर ठरलेलं दृश्य दिसतं. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात दोन ओळींचा अर्ज: 'मी नोकरी करत असल्याने मला हजेरीत सवलत मिळावी व लेक्चर्सचं रेकॉर्डिंग मिळावं.' असा अर्ज बहुधा फेटाळला जातो, आणि त्यात कुणाचा आकस नसतो. संध्याकाळच्या वर्गातले जवळपास सगळेच नोकरी करतात, कोर्स संध्याकाळी ठेवलाय तोच त्यासाठी. त्यामुळे 'नोकरी आहे' हे सवलतीचं कारण धरलं जात नाही. ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी का जमत नाही, हे कारण धरलं जातं.

मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांपुरतं बोलतो. दुसऱ्या विद्यापीठात असाल तर तिथला अध्यादेश वाचा, टक्के वेगळे असू शकतात. आपल्याकडे अध्यादेश ६०८६ लागू होतो. टर्म ग्रँट व्हायची तर सगळ्या विषयांची मिळून सरासरी हजेरी ७५ टक्के हवी आणि शिवाय प्रत्येक विषयात किमान ५० टक्के हवी. नोकरदारांसाठी वेगळा टक्का नाही. मुलं पहिला आकडा पाठ करतात आणि दुसऱ्यावर आपटतात.

एक हिशेब करून बघू. बँकेत काम करणारी एक विद्यार्थिनी धरा. विषय चार, आठवड्यात चार संध्याकाळी दोन-दोन लेक्चर्स, पंधरा आठवडे. म्हणजे प्रत्येक विषयाची ३० आणि एकूण १२० लेक्चर्स. टॅक्सेशनचे सर व्हिजिटिंग फॅकल्टी आहेत, फक्त मंगळवारी येतात आणि साडेसहा ते आठ, आठ ते साडेनऊ अशी दोन्ही लेक्चर्स घेतात. हिला मंगळवारी ऑफिसातून निघायलाच सात होतात. पहिलं लेक्चर दर आठवड्याला बुडतं. त्यात सप्टेंबरअखेर बँकेचं अर्धवार्षिक क्लोजिंग आलं आणि सलग दोन आठवडे पूर्ण गेले.

एकूण चुकली २९, बसली ९१. सरासरी पावणेशहात्तर टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पास. पण टॅक्सेशनमध्ये? दोन आठवड्यांची चार आणि उरलेल्या तेरा मंगळवारांची तेरा, अशी १७ गेली. ३० पैकी १३, म्हणजे ४३ टक्के. नाव ब्लॅकलिस्टमध्ये. तिला खरं तर दोनच लेक्चर्स कमी पडतायत, आणि अर्ज मात्र 'सरसकट सवलत द्या' असा. कमिटीपुढे तो कसा टिकणार?

म्हणून अर्जाच्या आधी असा तक्ता मांडा: विषय, झालेली लेक्चर्स, बसलेली लेक्चर्स, पुढे बुडणारी लेक्चर्स. कॉलेजच्या हजेरीपत्रकातले आकडे घ्या, स्वतःच्या डायरीतले नकोत. उशिरा आल्यावर मागून सही घेत नाहीत, त्यामुळे दोन्हीत फरक पडतोच. तो पहिल्याच महिन्यात सरांकडून मिटवून घ्या, नंतर कुणाला आठवत नाही.

मग मागणी कुणाकडे करायची ते ठरवा. वेळापत्रकातला बदल कोर्स कोऑर्डिनेटरच्या हातात असतो. वरच्या उदाहरणात टॅक्सेशनचं एक लेक्चर दुसऱ्या दिवशी नेता आलं किंवा दुसऱ्या डिव्हिजनला बसायची लेखी परवानगी मिळाली, तर सवलतीचा प्रश्नच उरत नाही. माझ्या मते पहिली मागणी नेहमी हीच असावी, कारण इथे कुणाला नियम वाकवायला लागत नाही. कमी पडलेली हजेरी माफ करण्याचा अर्ज प्राचार्यांच्या नावे जातो आणि हजेरी समितीपुढे ठेवला जातो. तिथे आजारपण किंवा टाळता न येणारी कारणं पुराव्यासह चालतात, 'ट्रॅफिक' चालत नाही.

रेकॉर्डिंगचं प्रकरण पूर्ण वेगळं आहे, ते एकाच अर्जात कोंबू नका. रेकॉर्डिंग बघितलं म्हणजे हजेरी लागली असं होत नाही. ते फक्त अभ्यासासाठी. शिवाय ते मिळणं हा तुमचा हक्क नाही. शिकवणाऱ्याची संमती लागते, वर्गातल्या इतरांचे आवाज-चेहरे त्यात येतात, आणि गुगल मीटच्या फुकट आवृत्तीत रेकॉर्डिंगची सोयच नसते. 'सगळी लेक्चर्स रेकॉर्ड करा' म्हटलं की सर मागे सरतात. 'क्लोजिंगच्या दोन आठवड्यांत टॅक्सेशनच्या चार लेक्चर्सचा फक्त ऑडिओ, मी स्वतःच्या अभ्यासापुरता वापरीन, कुणाला फॉरवर्ड करणार नाही' असं लिहून दिलं की बरेच जण हो म्हणतात. मात्र न विचारता मित्राला फोन टेबलावर उलटा ठेवायला सांगू नका. पकडला गेला तर दोघांचाही अर्ज संपला.

कागदपत्रं फार नाहीत, पण त्यातला मजकूर बघतात. मुख्य कागद म्हणजे कंपनीचं पत्र: लेटरहेडवर, जावक क्रमांक, तारीख, सही-शिक्का. 'हे आमचे कर्मचारी आहेत' एवढंच लिहिलेलं पत्र निरुपयोगी. एचआरकडून असं लिहून घ्या: 'श्रीमती अमुक यांची दर मंगळवारची ड्युटी सायंकाळी ७ वाजेपर्यंत असून १७ ते ३० सप्टेंबर या काळात अर्धवार्षिक क्लोजिंगमुळे त्यांना लवकर सोडता येणार नाही.' जोडीला शिफ्टचा रोस्टर. बाहेरगावी पाठवलं असेल तर टूर ऑर्डर, तिकिटं. आजारपण असेल तर डॉक्टरांचा दाखला, आणि तो त्या वेळचाच. महिन्याभराने मागच्या तारखेचा आणलेला दाखला नजरेतून सुटत नाही. त्याशिवाय कॉलेजचं ओळखपत्र, चालू सेमिस्टरची फी पावती आणि तुमचा तो तक्ता.

अर्ज एका पानाचा पुरे:

'मा. प्राचार्य यांस, विषय: टॅक्सेशन विषयाच्या हजेरीबाबत. मी सेमिस्टर ३ ची विद्यार्थिनी, रोल नंबर अमुक. सोबतच्या तक्त्यानुसार माझी सरासरी ७५ टक्क्यांच्या वर राहते, परंतु टॅक्सेशनमध्ये दोन लेक्चर्स कमी पडतात. कृपया या विषयासाठी मला दुसऱ्या डिव्हिजनमध्ये बसण्याची परवानगी द्यावी. ते शक्य नसल्यास कमी हजेरीचा विचार समितीपुढे व्हावा. कंपनीचं पत्र व रोस्टर जोडले आहेत.'

आधी कोऑर्डिनेटरचा शेरा घ्या, मग ऑफिसात इनवर्ड करा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख मारून घ्या. ईमेल केला असेल तरी ही प्रत ठेवा, कारण कोऑर्डिनेटर मध्येच बदलतात. वेळ म्हणाल तर रोस्टर हातात आल्याच्या आठवड्यात. सेमिस्टर सुरू असताना आलेल्या अर्जावर लेक्चर हलवता येतं. हॉल तिकिटं निघायच्या वेळी आलेल्या अर्जावर समितीकडे फक्त हो किंवा नाही एवढंच उरतं.

परवानगी मिळाली तर ती लेखी घ्या आणि दुसऱ्या डिव्हिजनच्या हजेरीपत्रकात तुमचं नाव चढलंय का ते पहिल्याच दिवशी बघा. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो: माणूस सहा आठवडे मन लावून बसतो, सही कोऱ्या कागदावर करतो आणि तो कागद मूळ पत्रकाला कधी जोडलाच जात नाही.

'स्वयम्'वरचा ऑनलाइन कोर्स करून एखादा विषय भागवता येईल का, असंही विचारतात. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमध्ये ४० टक्क्यांपर्यंतचे कोर्सेस तिथून घेता येतात, पण तुमच्या विद्यापीठाने तो विषय मान्य केलेला हवा आणि ते सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी ठरलेलं हवं. मध्येच बुडालेल्या लेक्चर्सच्या बदल्यात तो चालत नाही.