घसरत्या शिडीचं केंद्र हवेत असतं

भिंतीला टेकवलेल्या शिडीचा पाय घसरू लागला की वरचं टोक भिंतीला घासत खाली येतं. पाय सेकंदाला ६० सेंटिमीटर वेगानं सरकत असेल, तर वरचं टोक किती वेगानं उतरेल? पटकन सुचणारं उत्तर म्हणजे 'तेवढ्याच'. शिडीची लांबी तर बदलत नाही, मग दोन्ही टोकांचे वेग वेगळे कसे असतील? हा तर्क अर्धा बरोबर आहे. कोणता अर्धा, ते आकडे मांडले की दिसतं.

शिडी ५ मीटर लांब आहे. एका क्षणी तिचा पाय भिंतीपासून ३ मीटरवर आणि वरचं टोक ४ मीटर उंचीवर आहे. कुणीतरी पायाला दोरी बांधून तो भिंतीपासून दूर ओढतंय, सेकंदाला ०.६ मीटर या स्थिर वेगानं.

सपाट प्रतलात हलणारी कोणतीही दृढ वस्तू दर क्षणी एकतर नुसती सरकत असते किंवा कुठल्यातरी एका बिंदूभोवती फिरत असते. त्या बिंदूचा वेग त्या क्षणी शून्य असतो. त्याला क्षणिक परिभ्रमण केंद्र म्हणतात. केंद्राभोवती फिरणाऱ्या कणाचा वेग नेहमी केंद्राला जोडणाऱ्या रेषेला लंब असतो. म्हणून हे उलटंही वापरता येतं: कणाच्या वेगाला लंब रेषा काढली की केंद्र त्या रेषेवर कुठेतरी असणारच. अशा दोन रेषा जिथे छेदतात, तिथे केंद्र.

शिडीच्या पायाचा वेग आडवा आहे, तेव्हा त्याची लंब रेषा पायातून सरळ वर जाते. वरच्या टोकाचा वेग उभा आहे, त्याची लंब रेषा टोकातून आडवी, भिंतीपासून दूर जाते. दोन्ही रेषा भिंतीपासून ३ मीटरवर, ४ मीटर उंचीवर मिळतात. म्हणजे भिंत, जमीन आणि या दोन रेषा मिळून एक आयत होतो. शिडी त्याचा एक कर्ण आणि केंद्र हा भिंत व जमीन मिळतात त्या कोपऱ्याच्या समोरचा कोपरा. तिथे शिडी नाही, हवा आहे. त्यानं काही बिघडत नाही. शिडीला एक मोठा पुठ्ठा घट्ट चिकटवलाय असं समजा. त्या पुठ्ठ्याचा जो ठिपका या जागी येतो, तो त्या क्षणी स्थिर असतो.

आता अंतरं. पाय केंद्रापासून ४ मीटर खाली आहे, वरचं टोक केंद्रापासून ३ मीटर बाजूला. इथेच सर्वाधिक चुका होतात. पाय भिंतीपासून ३ मीटरवर आहे म्हणून त्याच्यासाठी ३ हा आकडा घेतला जातो, पण लागतं ते केंद्रापासूनचं अंतर, आणि ते आहे वरच्या टोकाच्या उंचीइतकं. कोनीय वेग म्हणजे ०.६ भागिले ४, अर्थात सेकंदाला ०.१५ रेडियन, जवळपास ८.६ अंश. वरच्या टोकाचा वेग ०.१५ गुणिले ३, म्हणजे सेकंदाला ०.४५ मीटर.

उत्तर तपासायला सोपी कसोटी आहे. शिडीची लांबी बदलत नाही, म्हणून दोन्ही टोकांच्या वेगांचा शिडीच्या दिशेनं जाणारा भाग सारखा हवा. पायासाठी तो ०.६ गुणिले ३/५, म्हणजे ०.३६. टोकासाठी ०.४५ गुणिले ४/५, म्हणजे पुन्हा ०.३६. सुरुवातीच्या तर्कातला बरोबर अर्धा तो हाच: सारखे असतात ते शिडीच्या दिशेचे भाग, पूर्ण वेग नव्हेत. अंतरांची अदलाबदल करून वरच्या टोकाचा वेग ०.८ काढला असता, तर त्याचा हा भाग ०.६४ आला असता आणि शिडी सेकंदाला २८ सेंटिमीटरनं आखूड होतेय असा अर्थ निघाला असता.

एकदा केंद्र सापडलं की बाकीची शिडी फुकटात मिळते. तिचा मध्यबिंदू केंद्रापासून २.५ मीटरवर आहे, त्याचा वेग ०.३७५. गंमत म्हणजे हा दोन्ही टोकांपेक्षा कमी आहे. सर्वात संथ कण केंद्रातून शिडीवर लंब टाकला की सापडतो: वरच्या टोकापासून १.८ मीटरवर. तो केंद्रापासून २.४ मीटर दूर आहे, वेग बरोबर ०.३६, आणि तोही पूर्णपणे शिडीच्याच दिशेनं.

पण केंद्राकडून वेगांपलीकडे काही मागू नये. त्याला खिळ्यासारखं पक्कं मानून त्वरण काढायला गेलात, तर वरच्या टोकाचं त्वरण केंद्राकडे, म्हणजे भिंतीपासून आडवं, ०.०६७५ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं. टोक तर भिंतीलाच चिकटून उतरतंय! खरं त्वरण सरळ खाली आहे, सुमारे ०.१४. चूक होते ती केंद्राला खिळा मानल्यामुळे. पुठ्ठ्यावरचा ठिपका क्षणभर स्थिर असतो, पण पुढच्याच क्षणी केंद्राची जागा वेगळी असते आणि तिथे पुठ्ठ्याचा दुसरा ठिपका आलेला असतो. ही जागा भिंत आणि जमिनीच्या कोपऱ्याभोवती ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून खाली येते. आत्ता तिचा वेग सेकंदाला ०.७५ मीटर आहे, शिडीच्या दोन्ही टोकांपेक्षा जास्त.

शिडी जसजशी आडवी होते तसतसं केंद्र पायाच्या जवळ येतं. पायाचा वेग तोच आणि अंतर कमी, म्हणून कोनीय वेग वाढत जातो. टोकांच्या वेगांचं गुणोत्तर म्हणजे पायाचं भिंतीपासूनचं अंतर भागिले टोकाची उंची. शिडी ४५ अंशांत असताना, म्हणजे उंची सुमारे ३.५४ मीटर असताना, वेग सारखे होतात. त्याखाली वरचं टोक पुढे जातं. उंची १० सेंटिमीटर उरली की सूत्र म्हणतं सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर. एक सेंटिमीटरला ३०० मीटर. जमिनीला टेकताना तर अनंत.

असं काही घडत नाही, कारण आपण एक गोष्ट गृहीत धरली होती: वरचं टोक भिंतीला टेकलेलं राहतं. भिंत टोकाला फक्त ढकलू शकते, ओढून धरू शकत नाही. भूमितीला लागणारं कोनीय त्वरण वाढत जातं, ते गुरुत्वाकर्षणाला पुरवता येईनासं झालं की टोक भिंत सोडतं. आपली शिडी सर्वत्र सारख्या वजनाची आणि भिंत गुळगुळीत मानली, तर हे टोक सुमारे ८५ सेंटिमीटर उंचीवर असताना होतं. तेव्हा टोकाचा वेग सेकंदाला फक्त साडेतीन मीटरच्या आसपास असतो. पाय कुणी ओढत नसेल, जमीनही गुळगुळीत असेल आणि शिडी स्थिर अवस्थेतून आपल्याच वजनानं घसरत असेल, तर टोक याहून बरंच आधी सुटतं, सुरुवातीच्या उंचीच्या दोन तृतीयांशावर.

त्या क्षणानंतर टोकाचा वेग निव्वळ उभा राहत नाही, त्यामुळे टोकातून काढलेली आडवी रेषा चुकीची ठरते. पाय अजून आडवाच सरकतोय, म्हणून केंद्र पायाच्या उभ्या रेषेवरच असतं. पण त्या रेषेवर किती उंचीवर, हे आता नुसत्या आकृतीवरून सांगता येत नाही. त्यासाठी शिडीचं वजन आणि तिच्यावरची बलं घेऊन कोनीय वेग आधी काढावा लागतो.