'क्लोजर'ला मराठीत शब्द नाही, मग भावना तरी कुठून असणार?

"ज्या भावनेला एखाद्या भाषेत शब्द नाही, ती भावना त्या भाषेच्या लोकांना कळतच नाही, आणि तिचं भाषांतरही होत नाही." असा एक दावा केला जातो, पण तो टिकत नाही.

आधी 'नॉस्टॅल्जिया' बघू. हा शब्द 1688 साली एका वैद्यकीय प्रबंधात घडवला गेला, तोही घरच्या ओढीने जडणाऱ्या आजाराचं नाव म्हणून. त्याआधी कुणी घरासाठी किंवा गेल्या दिवसांसाठी झुरत नव्हतं, असं म्हणता येईल का? म्हणजे नाव नंतर आलं, अनुभव आधीपासून होता.

आता 'क्लोजर', म्हणजे एखादं दुःख किंवा नातं मनातून नीट मिटल्याची भावना. वाक्य आहे: तिला क्लोजर मिळालं नाही. अनुभवी भाषांतरकार इथे नाम शोधत बसत नाही. नेमकं काय अपुरं राहिलं, ते विचारतो. नवरा कारण न सांगता निघून गेला असेल, तर "तो का गेला हे तिला कळलंच नाही, आणि तो प्रश्न तिच्या मनातून गेला नाही." बेपत्ता मुलाचा ठावठिकाणा लागला नसेल, तर "धड रडताही येईना, आशाही सुटेना." एकच शब्द, पण मराठी दोन तऱ्हेचं. 'समापन' लिहिलं की मात्र सभा आटोपल्यासारखं वाटतं.

पडताळायचं असेल, तर मूळ न वाचलेल्या माणसाला फक्त मराठी वाक्य द्या आणि त्या वाक्यातल्या बाईला काय वाटतंय ते विचारा. उत्तर मूळ प्रसंगाशी जुळलं, तर भावना पोचली. अडचण येते ती पात्रांच्या संवादात, कारण तिथे एका शब्दाच्या जागी अख्खं वाक्य बसवताना बोलण्याचा झटका जातो.